कागदावर २.१०५, पडद्यावर २.००५

ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर शिकवताना डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, एक सर्किट हमखास फळ्यावर येते. १२ व्होल्टचा पुरवठा असतो. त्याला ४७ आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकाखाली एक जोडलेले असतात आणि त्यांच्या सांध्यावर ट्रान्झिस्टरचा बेस असतो. कलेक्टरच्या वर २.२ किलोओहम, एमिटरच्या खाली १ किलोओहम. आवाजाचा सिग्नल नंतर येईल. आधी हा ट्रान्झिस्टर स्वस्थ बसलेला असताना त्याच्या तिन्ही पायांवर किती व्होल्ट आहेत, ते काढायचे असते.

वहीत हे गणित पाच ओळींत सुटते. बेसमध्ये शिरणारा प्रवाह नगण्य धरला, तर दोन रेझिस्टर १२ व्होल्टची सरळ वाटणी करतात: १२ गुणिले १०, भागिले ५७, म्हणजे २.१०५ व्होल्ट. बेसपासून एमिटरपर्यंत ०.७ व्होल्ट खर्च होतात असे गृहीत धरायचे, म्हणजे एमिटरवर १.४०५ उरतात. एमिटरखालचा रेझिस्टर १ किलोओहमचा, म्हणून प्रवाह १.४०५ मिलिअँपिअर. तोच प्रवाह कलेक्टरमधून आला असे मानले की वरच्या २.२ किलोओहमवर ३.०९ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर ८.९०८ व्होल्ट राहतात.

या उत्तराची पडताळणी ज्या प्रोग्रॅमने होते त्याचे नाव स्पाइस. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लॅरी नेगल या विद्यार्थ्याने प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो लिहिला आणि १९७३ साली तो जगापुढे आला. त्याच वंशातला एनजीस्पाइस आज फुकट मिळतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून आलेल्या ईसिमच्या पोटातही तोच चालतो. स्पाइसला चित्र लागत नाही, यादी लागते. प्रत्येक ओळीत एक भाग, तो कोणत्या नोडांमध्ये जोडला आहे ते, आणि त्याची किंमत. या यादीला नेटलिस्ट म्हणतात.

```
bias check
V1 vcc 0 DC 12
R1 vcc b 47k
R2 b 0 10k
RC vcc c 2.2k
RE e 0 1k
Q1 c b e tr
.model tr npn(bf=100)
.op
.end
```

जमिनीचा नोड नेहमी 0. `bf` म्हणजे ट्रान्झिस्टरचा गेन: बेसमध्ये एक भाग प्रवाह गेला की कलेक्टरमधून किती भाग येतो, ते इथे शंभर धरले आहे. `.op` ही ओळ फक्त स्थिर अवस्थेतले व्होल्टेज मागते.

उत्तर येते: बेस २.००५, एमिटर १.२२६, कलेक्टर ९.३३०. वहीतले होते २.१०५, १.४०५ आणि ८.९०८. तिन्ही चुकले! फरक अनुक्रमे ०.१००, ०.१७९ आणि ०.४२१ व्होल्ट.

इथे बरेच विद्यार्थी दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण ‘थोडाफार फरक राहणारच’ म्हणून पान उलटतात, काही जण वहीतले उत्तर खोडून पडद्यावरचे उतरवून घेतात. दोन्हींत हाती आलेला पुरावा वाया जातो. त्या तीन फरकांत नेमके काय घडले ते लिहिलेले असते, फक्त ते योग्य क्रमाने वाचायला हवे.

सुरुवात बेसपासून करावी, कारण तिथले गणित सर्वांत कमी गृहितकांवर उभे आहे. वहीत बेसचा प्रवाह शून्य धरला होता. तो शून्य नसेल तर त्या सांध्यावरचे व्होल्टेज खाली बसणार. ते किती बसेल हे ४७ आणि १० किलोओहम समांतर धरून जो रोध येतो त्यावर ठरते. तो येतो ८.२५ किलोओहम. आता ०.१०० व्होल्टला ८.२५ किलोओहमने भागले की १२.१ मायक्रोअँपिअर मिळतात. हा बेसचा प्रवाह. आणि पडद्यावरच्या आकड्यांवरून कलेक्टरचा प्रवाह किती? १२ वजा ९.३३०, भागिले २.२ किलोओहम: १.२१४ मिलिअँपिअर. दोहोंचे गुणोत्तर बरोबर शंभर. नेटलिस्टमध्ये जो गेन लिहिला तोच व्होल्टेजच्या फरकातून परत निघाला. म्हणजे बेसवरचा फरक हा फक्त दुर्लक्षिलेल्या बेस प्रवाहाचा आहे, दुसऱ्या कशाचाही नाही.

एमिटरकडे वळू. बेस आणि एमिटर यांच्यात पडद्यावर २.००५ वजा १.२२६, म्हणजे ०.७७९ व्होल्ट आहेत, वहीत ०.७ धरले होते. हे ०.०७९ कुठून आले? स्पाइसला ०.७ हा आकडा ठाऊकच नाही. त्याच्याकडे सूत्र आहे. त्यानुसार कलेक्टरचा प्रवाह दहापट व्हायचा असेल तर बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढावे लागते. ही शिडी कुठून मोजायची ते `is` नावाचा एक आकडा ठरवतो. आपण तो दिलाच नाही, म्हणून प्रोग्रॅमने स्वतःचा ठेवणीतला १०⁻¹⁶ अँपिअर घेतला आणि तापमानही स्वतःचे नेहमीचे २७ अंश सेल्सिअस. त्या आकड्याने १.२ मिलिअँपिअरला ०.७७९ व्होल्टच लागतात.

बेसवरचे ०.१०० आणि इथले ०.०७९ मिळून ०.१७९, म्हणजे एमिटरचा पूर्ण फरक. कलेक्टरचा फरक उलट दिशेचा आहे, कारण प्रवाह कमी झाला की वरच्या रेझिस्टरवर कमी व्होल्ट पडतात आणि कलेक्टर वर उचलला जातो. एमिटरचा प्रवाह ०.१७९ मिलिअँपिअरने घटला. शिवाय वहीत कलेक्टर आणि एमिटरचा प्रवाह एकच धरला होता, प्रत्यक्षात बेसमधून आलेले ०.०१२ मिलिअँपिअर कलेक्टरमधून जातच नाहीत. एकूण ०.१९१, गुणिले २.२ किलोओहम: ०.४२ व्होल्ट. कुठलाही आकडा बेहिशेबी उरला नाही.

एवढ्यावर खात्री पटत नसेल तर एक कसोटी आहे, आणि ती या सगळ्या पडताळणीचा कणा आहे असे म्हटले तरी चालेल. वही सुधारण्याआधी स्पाइसलाच वहीची गृहितके घालायची:

```
.model tr npn(is=2.48e-15 bf=1e6)
```

गेन दहा लाख केला, म्हणजे बेसचा प्रवाह जवळजवळ शून्य. `is` असा निवडला की १.४०५ मिलिअँपिअरला नेमके ०.७ व्होल्ट लागावेत. आता पडद्यावर उमटते: २.१०५, १.४०५, ८.९०८. वहीशी तंतोतंत. म्हणजे समीकरणे बरोबर होती, जोडण्या बरोबर होत्या. मतभेद होता तो ट्रान्झिस्टरच्या स्वभावाबद्दलच्या दोन गृहितकांचा. एखाद्या मिलिव्होल्टच्या शेपटामागे मात्र लागू नये. स्पाइस उत्तर अंदाजाने सुरू करून फेरीफेरीने सुधारत नेतो आणि दोन फेऱ्यांतला बदल साधारण हजारात एक भागाखाली आला की थांबतो.

ही कसोटी लावूनही फरक उरला तर मात्र कुठेतरी चूक आहे. ती शोधायलाही बेसचाच आकडा कामी येतो. समजा, `Q1` ची ओळ कोणी `Q1 e b c tr` अशी लिहिली. स्पाइसला क्रम हवा असतो कलेक्टर, बेस, एमिटर. पण २एन३९०४ ची सपाट बाजू समोर धरली तर पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसी५४७ चे बरोबर उलटे. हातात पहिला ट्रान्झिस्टर धरून पायांच्या क्रमाने ओळ लिहिली की ही चूक सहज होते. प्रोग्रॅम कुरकुर न करता उत्तर देतो: बेस ०.९९२, एमिटर ०.२७०, कलेक्टर ११.७०३.

पहिल्या नजरेत हे संशयास्पद वाटेलच असे नाही. बेस आणि एमिटर यांच्यात ०.७२२ व्होल्ट, अगदी साजेसे! पण बेस २.१०५ वरून १.११३ ने खाली बसला आहे. त्याला ८.२५ किलोओहमने भागा: ०.१३५ मिलिअँपिअर. कलेक्टरकडचा प्रवाह काढा, १२ वजा ११.७०३, भागिले २.२: तोही ०.१३५. गेन शंभर लिहिला आणि निघाला एक. उलट्या जोडलेल्या ट्रान्झिस्टरचा गेन स्पाइस न सांगता एक धरतो, म्हणून हा एक म्हणजे अदलाबदलीची जवळजवळ सहीच.

इतर चुका याहून ढोबळ असतात. नेटलिस्टची पहिली ओळ स्पाइस शीर्षक समजून सोडून देतो; तिथे चुकून `V1` लिहिला तर पुरवठाच नाहीसा होतो आणि सगळे नोड शून्यावर येतात. मेगओहमसाठी `1M` लिहिले तर ते एक मिलिओहम होते, कारण स्पाइसला लहान-मोठ्या अक्षरांतला भेद कळत नाही. मेगओहमसाठी `1MEG` लिहावे लागते. जे दोन नोड दूर असायला हवेत ते एकाच व्होल्टेजवर दिसले की आधी हे तपासावे.

मग खरे उत्तर कोणते, २.१०५ की २.००५? बोर्डवर बीसी५४७ बसवला तर दोन्ही नाही. त्याच्या माहितीपत्रकात गेन ११० ते ८०० आणि २ मिलिअँपिअरला बेस-एमिटर व्होल्टेज ०.५८ ते ०.७० दिलेले आहे. मधला एखादा नमुना धरू, गेन ३०० आणि ०.६५ व्होल्ट. हिशेब येतो बेस २.०६६, एमिटर १.४१६, कलेक्टर ८.८९४. म्हणजे एमिटर आणि कलेक्टरच्या बाबतीत पाच ओळींचे गणितच खऱ्या बोर्डाच्या अधिक जवळ होते. ठेवणीतल्या आकड्यांवर चालणारा स्पाइस दशांशांपर्यंत काटेकोर असला, तरी तो या ट्रान्झिस्टरबद्दल बोलतच नव्हता. म्हणून वही खोडण्याआधी `.model` च्या ओळीत काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, ते वाचावे. राहिलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी प्रोग्रॅमने आपला आकडा भरलेला असतो.

उलट्या जोडणीच्या उदाहरणातही हेच लपले आहे. पडद्यावर बेस ०.९९२ आणि कलेक्टर नोड ११.७०३, म्हणजे अदलाबदलीमुळे तिथे आलेल्या एमिटरच्या सांध्यावर उलटे १०.७ व्होल्ट. बीसी५४७ ला हा ताण ६ व्होल्टपर्यंतच चालतो. त्यापलीकडे सांधा कोसळून प्रवाह वाहू लागतो. स्पाइसच्या मूळ ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये हे कोसळणे नाहीच, त्यामुळे त्या बोर्डवर मल्टिमीटर लावला तर कलेक्टरच्या नोडवर ११.७ पेक्षा बरेच कमी व्होल्ट दिसू शकतात.