‘नावं खराब झाली’ म्हणजे नक्की काय झालं?

पतसंस्थेच्या कार्यालयातून सॉफ्टवेअरवाल्यांकडे एखादी तक्रार साधारण अशी येते:

“साहेब, मार्चअखेरच्या गडबडीत सभासद यादी काढायला बसले तर आधी नेटच नव्हतं. मग लाइट गेली. दुपारी चारला यादी डाउनलोड केली, उघडली तर सगळी नावं खराब! दोनदा परत केली, तरी तेच. आमच्या शिपायाच्या मोबाइलवर पाठवली तर त्याला नीट दिसते म्हणे. शिवाय फोन नंबरातला पुढचा शून्यही गेलाय. लाइट गेल्यामुळे डेटा करप्ट झाला असणार. सोमवारी ऑडिटर येणार आहेत, लवकर बघा.”

प्रोग्रामरला यातून हव्या असतात तीनच गोष्टी: काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय. मोझिलाचे बग जिथे नोंदवतात त्या बगझिलाच्या फॉर्मवरही हेच तीन प्रश्न विचारलेले असतात.

आधी डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने ताडलेलं वेगळं करावं. ‘डेटा करप्ट झाला’ हे ताडलेलं आहे, तेव्हा ते बाजूला. लाइट आणि नेट मात्र अंदाजाने खोडू नयेत. लाइट असताना, नेट चालू असताना तीच यादी पुन्हा काढून पाहावी आणि नावं तशीच आली तरच त्या ओळी काढाव्यात. मोबाइलची गोष्ट गप्पांतली वाटते, पण या तक्रारीतलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे. तीच फाइल दुसरीकडे नीट दिसते, म्हणजे नावं फाइलमध्ये शाबूत आहेत आणि गडबड ती वाचताना होते आहे.

उरतात दोन मोघम शब्द, ‘उघडली’ आणि ‘खराब’. इथे फोन करावाच लागतो. खराब म्हणजे चौकोन दिसत असतील तर संशय फाँटवर. प्रश्नचिन्हं असतील तर बहुधा फाइल जतन होतानाच मूळ अक्षरं गेली. आणि `à¤` ही जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फाइल चुकीच्या संकेताने वाचली गेली. तीन आजार, तीन वेगळी औषधं. म्हणून स्क्रीनशॉट मागावा. ‘उघडली’चंही तसंच. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की डेटा टॅबमधून `65001: Unicode (UTF-8)` निवडून आत घेतली, यावर निकाल बदलतो.

बाईंनी डबल क्लिक केल्याचं सांगितलं आणि `à¤` दाखवलं, की तक्रार अशी उतरते:

शीर्षक: सभासद यादीची CSV एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावं वाचता येत नाहीत

कृती (विंडोज, एक्सेल, दोन्हींच्या आवृत्त्या इथे लिहाव्यात)
१. ‘राम’ नावाचा सभासद नोंदवा.
२. सभासद यादी CSV म्हणून डाउनलोड करा.
३. फाइलवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडा.

अपेक्षित: नावाच्या रकान्यात ‘राम’ दिसावं.

प्रत्यक्षात: त्या जागी `राम` दिसतं. दर वेळी घडतं. तीच फाइल मोबाइलवर नीट दिसते.

‘सगळी नावं’ऐवजी एकच नाव घेतल्याचा फायदा पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यांतले पहिले दोन `E0 A4` किंवा `E0 A5`. एक्सेलने ते बाइट जुन्या पाश्चात्त्य संकेताप्रमाणे एकेक करून वाचले, की `E0 A4` चं `à¤` होतं. ‘राम’मध्ये र, काना आणि म अशी तीन चिन्हं, म्हणून ही जोडीही तीनदा. जाणकार प्रोग्रामर ‘प्रत्यक्षात’ची ओळ वाचूनच फाइलच्या सुरुवातीला `EF BB BF` हे तीन बाइट घालतो. ते दिसले की एक्सेल फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचतं. ‘नावं खराब’ एवढंच लिहून आलं असतं, तर तो आधी डेटाबेस तपासत बसला असता.

गेलेल्या शून्याचा उल्लेख वर कुठेच नाही, कारण ती निराळी तक्रार आहे. 020 ने सुरू होणारा पुण्याचा नंबर एक्सेल संख्या समजतं आणि पुढचा शून्य गाळतं. ते तीन बाइट घालूनही हा शून्य परत येत नाही. दोन्ही एकाच नोंदीत राहिल्या, तर नावं सुधारताच नोंद बंद होते आणि शून्य तसाच गळत राहतो. तेव्हा त्याची नोंद स्वतंत्र करा, कृती पुन्हा पहिल्यापासून लिहा, आणि पाठवण्याआधी ती शक्यतो दुसऱ्या कुणाकडून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, फक्त कागद वाचून करवून घ्या.