खोका उघडण्याआधीची पानं

अनबॉक्सिंगच्या व्हिडिओत एक गोष्ट दुसऱ्यांदा करता येत नाही, ती म्हणजे खोक्यावरची चिकटपट्टी कापणं. पुष्कळ जण आधी खोका उघडतात, वस्तू वापरून बघतात, पुन्हा आत ठेवून पट्टी चिकटवतात आणि मग कॅमेऱ्यापुढे चकित होतात. बघणाऱ्याला ते कळतं. पट्टीखाली पट्टी दिसते, वायर कारखान्यातल्यासारखी घट्ट गुंडाळलेली नसते, प्लॅस्टिकच्या पिशवीला चुण्या पडलेल्या असतात. एकदा ही शंका आली की पुढे सांगितलेलं खरंही खोटं वाटू लागतं.

म्हणून या व्हिडिओची संहिता दोनदा लिहावी लागते. खोका उघडण्याआधीच्या पानांवर फक्त प्रश्न आणि अपेक्षा असतात, एकही विशेषण नसतं. वहीच्या डाव्या बाजूला काय दिसणार ते लिहायचं, उजव्या बाजूला काय बोलणार ते. वस्तू बाहेर आल्यानंतरची उजवी बाजू मात्र कोरी सोडायची. ती जागा आधीच ‘वा, काय फिनिश आहे!’ अशा वाक्यांनी भरून ठेवली, तर वस्तू बघण्याआधीच मत ठरून गेलेलं असतं.

उदाहरणासाठी साधारण साडेतीन हजार रुपयांचा, ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर घेऊ. उत्सुकता निर्माण करायची म्हणून ‘शेवटी जे झालं ते बघून तुम्ही थक्क व्हाल’ असं म्हणण्याचा मोह होतो. ही फसवी उत्सुकता आहे, कारण बघणाऱ्याला आपण कशाची वाट बघतोय हेच कळत नाही. खरी उत्सुकता त्याच्या स्वतःच्या अडचणीतून येते. तेव्हा पहिलं वाक्य असं: ‘आमच्या घरी दोनच माणसं. चार चमचे ओलं खोबरं, दोन मिरच्या, लसणाच्या तीन पाकळ्या, एवढंच वाटण लागतं. ते या चटणीच्या भांड्यात बारीक होतं का, ते आज बघू.’ ज्याच्या घरी थोडं वाटण भांड्याच्या कडेला उडून चिकटतं आणि पातं नुसतंच फिरत राहतं, तो हे ऐकून थांबतो.

उत्तर शेवटी येणार असलं तरी मधल्या वेळात बघणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. खोक्याच्या बाजूवरची कमाल किंमत, तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, आयएसआयची खूण आणि त्यासोबतचा मिक्सरच्या मानकाचा क्रमांक आयएस ४२५० हे दहा-पंधरा सेकंदांत वाचून दाखवावं. मग चटणीचं भांडं बाहेर आलं की कॅमेरा वरून आत न्यावा आणि पातं तळापासून किती उंचीवर आहे ते पट्टी धरून दाखवावं. ही फट जास्त असेल तर थोडं वाटण पात्याखालीच राहतं. इथे बघणारा मनात अंदाज बांधू लागतो, आणि उत्सुकतेचं खरं काम इथे होतं. भांड्यावर ४०० मिलिलिटर छापलेलं असेल तर मोजपात्राने पाणी ओतून बघावं. छापलेला आकडा भांडं काठोकाठ भरल्यावरचा आहे की झाकण लावून वाटता येईल इतकाच, हे एका मिनिटात दिसतं.

मिक्सर सुरू करताना पार्श्वसंगीत पूर्ण बंद ठेवावं. शिवाय मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबून टाकतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक मिक्सर शांतच वाटतो. त्यावर सोपा उपाय आहे: मिक्सर चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहून नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलावं. ते ऐकू आलं की बुडालं, यावरून बघणाऱ्याला खरा अंदाज येतो. हा भाग कापायचा नाही. मागे भिंतीवरचं घड्याळ दिसत राहिलं तर फारच उत्तम.

नवा मिक्सर पहिल्यांदा फिरवला की अनेकदा जळका वास येतो. मोटारीच्या तारांवरचं व्हार्निश तापल्यामुळे तो येतो, आणि सुरुवातीच्या काही वापरांनंतर जातो. हा दोष म्हणून सांगणं चूक आणि लपवणंही चूक. ‘वास आला, तो का येतो ते हे, पंधरा दिवसांनीही येत असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवावा,’ एवढं बोललं की पुरे.

आता निराशेचं. ‘थोडं अजून चांगलं करता आलं असतं’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. निराशा मोजता येते, पण ती कधी? खोका उघडण्याआधी अपेक्षा लिहून ठेवली असेल तर. आपल्या वहीत लिहिलेलं आहे: ‘वायर ओट्याच्या मध्यापासून सॉकेटपर्यंत पोचावी.’ आता उजव्या बाजूला वाक्य येतं: ‘वायर मोजली, १ मीटर १० सेंटिमीटर भरली. माझं सॉकेट कोपऱ्यात आहे, त्यामुळे मिक्सर मध्ये ठेवला की वायर ताणली जाते. तुमचं सॉकेट जवळ असेल तर हा मुद्दा सोडून द्या.’ यात अपेक्षा आहे, सापडलेली गोष्ट आहे आणि ती कुणाला अडेल हेही आहे. निर्मात्यावर अन्याय नाही आणि ग्राहकाची फसवणूकही नाही. असं वाक्य जिथे गोष्ट सापडली तिथेच यावं. दहा गुणांच्या गर्दीत ते घाईने उरकलं, तर ते सांगूनही न सांगितल्यासारखंच होतं. उलट, एका सैल झाकणावरून ‘पैसे पाण्यात’ असा मथळा देणं हीदेखील तितकीच मोठी अप्रामाणिकता आहे.

पहिल्या दिवशी काय सांगता येत नाही, हेही संहितेत लिहिलेलं असावं. मोटार किती वर्षं चालेल, पात्याची धार कधी जाईल, रबरी वॉशर आणि कपलर कधी झिजतील, यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. त्यामुळे ‘टिकाऊ’ हा शब्द त्या दिवशी वापरण्याचा अधिकार कुणालाच नाही. ‘मजबूत वाटतो’ असं म्हणायचं असेल तर कशावरून, ते दाखवावं: ओल्या ओट्यावर पूर्ण वेगात फिरवताना तो सरकला नाही, एवढंच आपण पाहिलेलं असतं.

मिक्सर विकत घेतला की कंपनीने फुकट पाठवला, हे पहिल्याच मिनिटात सांगायला हवं. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत, त्या वस्तूबद्दल बोलणं चालू असेपर्यंत ही सूचना पडद्यावर राहायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यात भर घातली: सूचना दिसावी आणि ऐकूही यावी, आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ती असावी. म्हणजे मराठी व्हिडिओच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं टाकून भागत नाही. ‘हा मिक्सर कंपनीने दिला आहे, मी पैसे दिलेले नाहीत,’ हे मराठीत आणि तोंडाने बोलावं.

आणि शेवटी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. वाटण ताटलीत काढून चमच्याने पसरावं, कॅमेरा जवळ न्यावा. आपल्या उदाहरणात शेवटची ओळ अशी येईल: ‘एवढंसं वाटण एका दमात झालं नाही. दोनदा झाकण काढून कडेचं खोबरं खाली ढकलावं लागलं आणि दोन चमचे पाणी घालावं लागलं, तेव्हा ते बारीक झालं. कोरडी लसणीची चटणी या भांड्यात जमेल का, ते मी अजून करून पाहिलेलं नाही.’