बाजू जुळल्या, तरी प्रतिमा चुकलेली असू शकते

आलेख कागदावर एक त्रिकोण आहे. त्याचे शिरोबिंदू अ (२, १), ब (५, १) आणि क (५, ३). हा त्रिकोण आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९० अंशांत फिरवायचा आणि प्रतिमेचे निर्देशक लिहायचे, असा प्रश्न आहे. मुलीने उत्तर लिहिले: अ′ (१, २), ब′ (१, ५), क′ (३, ५). तपासणाऱ्याने घरे मोजली. एक बाजू ३ घरांची, दुसरी २ घरांची, मध्ये काटकोन. सगळे मूळ त्रिकोणासारखेच. म्हणून बरोबरची खूण केली. उत्तर मात्र चूक आहे.

परावर्तन, घूर्णन आणि स्थानांतरण या तिन्ही क्रियांत आकृतीच्या लांब्या आणि कोन बदलत नाहीत. त्यामुळे लांबी मोजून फक्त एखादा बिंदू घसरला असेल तर कळते. मुलीने ब′ (१, ४) लिहिला असता, तर ३ घरांची बाजू २ घरांची झाली असती आणि चूक लगेच दिसली असती. सगळेच बिंदू एकाच चुकीच्या नियमाने लिहिले गेले, तर मात्र मोजमाप काहीच सांगत नाही.

म्हणून दुसरी तपासणी वळणाची करावी. मूळ त्रिकोणात अ पासून ब कडे आणि तिथून क कडे बोट फिरवा. ब पाशी बोट डावीकडे वळते. मुलीच्या त्रिकोणात ते ब′ पाशी उजवीकडे वळते. घूर्णनात आणि स्थानांतरणात हे वळण बदलत नाही, परावर्तनात ते नेहमी उलटे होते. म्हणजे मुलीने त्रिकोण फिरवला नाही, पलटला. तिने निर्देशकांची अदलाबदल केली, पण चिन्ह बदलायचे राहिले. या घूर्णनात (क्ष, य) चा (−य, क्ष) होतो. बरोबर उत्तर (−१, २), (−१, ५), (−३, ५).

वळण जुळले तरी आकृती योग्य जागी आहे का, हे पाहावेच लागते. कोणी (१, −२), (१, −५), (३, −५) लिहिले, तर लांबी जुळते, वळणही जुळते. फक्त फिरवण्याची दिशा उलटी झालेली असते. पहिल्या चरणातली आकृती काट्यांच्या उलट दिशेने ९० अंश फिरली, तर दुसऱ्या चरणात जायला हवी. ही चौथ्या चरणात गेली. खात्री नसेल तर ट्रेसिंग पेपरवर त्रिकोण उतरवावा, पेन्सिलचे टोक केंद्रावर रोवावे आणि कागद फिरवून पाहावा. केंद्र आरंभबिंदूवर नसेल, तेव्हा वरचे सूत्र तसेच वापरता येत नाही. घरे केंद्रापासून मोजावी लागतात. केंद्र अ हाच असेल, तर अ जागचा हलत नाही. त्याच्या उजवीकडे ३ घरांवर असलेला ब त्याच्या वर ३ घरांवर, (२, ४) वर जातो.

परावर्तनात जागा तपासायला मध्यबिंदू पुरतो. आरसा क्ष = १ या उभ्या रेषेवर असेल, तर ब (५, १) ची प्रतिमा (−३, १) येते, कारण दोन्ही बिंदू आरशापासून ४ घरांवर आहेत आणि त्यांचा मध्यबिंदू (१, १) आरशावर पडतो. मुले सवयीने (−५, १) लिहितात. तिथे मध्यबिंदू (०, १) येतो, म्हणजे त्यांनी य-अक्षालाच आरसा मानलेले असते.

स्थानांतरणात वजाबाकी करावी. ‘४ घरे डावीकडे, ३ वर’ असेल, तर प्रत्येक शिरोबिंदूचा पहिला निर्देशक ४ ने कमी आणि दुसरा ३ ने जास्त व्हायला हवा. अ (२, १) चा (−२, ४). उत्तर (−१, ३) आले, तर मुलाने सुरुवातीचा बिंदूच ‘एक’ म्हणून मोजला आहे. तिन्ही बिंदूंत हीच चूक झाली तर आकृती अगदी नीट दिसते, म्हणून फरक प्रश्नाशी ताडून पाहावा.

वळणाच्या तपासणीला एक मर्यादा आहे. त्रिकोण समद्विभुज असेल आणि शिरोबिंदूंना नावे नसतील, तर पलटलेली आणि फिरवलेली आकृती हुबेहूब सारखी दिसू शकते. म्हणून कार्यपत्रिका तयार करणाऱ्या शिक्षकांनी तिन्ही बाजू वेगवेगळ्या असलेला त्रिकोण घ्यावा आणि प्रतिमेला अ′, ब′, क′ ही नावे द्यायला लावावीत. तपासताना नुसती फुली मारून थांबू नये. ‘चिन्ह राहिले’, ‘दिशा उलटी’, ‘आरसा चुकला’ की ‘पहिले घर मोजले’, हे तिच्याशेजारी लिहावे.