वरणाला अंडे, भाकरीला दूध

एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर गाईच्या दुधातून ८ ग्रॅम आणि ४५ ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून १० ग्रॅम. नुसत्या आकड्यांवर गेले तर डाळच पुढे दिसते. मात्र ही १० ग्रॅम प्रथिने शरीराच्या पूर्णपणे कामी येत नाहीत. अंडी चालतात पण मांस चालत नाही, अशा घरांत ताटाचा हिशेब मांडताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. या नवांपैकी एक जरी कमी पडले, तरी बाकीची मुबलक असूनही त्यांतून नवे प्रथिन पुरेसे बांधले जात नाही. उरलेली आम्ले इंधन म्हणून जाळली जातात. म्हणून प्रथिनाची प्रत दोन गोष्टींवर ठरते: सर्वांत तुटपुंजे आम्ल किती आहे आणि त्यातले प्रत्यक्षात किती पचते.

डाळीत तुटवडा असतो तो गंधकयुक्त आम्लांचा, म्हणजे मेथिओनीन आणि सिस्टीन यांचा. आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या मापानुसार, तीन वर्षांपुढच्या सर्वांसाठी दर ग्रॅम प्रथिनामागे ही दोन्ही मिळून २३ मिलिग्रॅम लागतात. वरच्या १० ग्रॅम डाळ-प्रथिनांना हे माप लावले तर २३० मिलिग्रॅम हवीत. डाळीत असतात सुमारे २००, आणि त्यांतली पाऊण हिस्सा पचतात असे धरले तर हाती १५०च लागतात. तूट ८० मिलिग्रॅमची.

आता त्याच जेवणात एक उकडलेले अंडे घेतले तर? अंड्याच्या ६ ग्रॅम प्रथिनांना स्वतःपुरती सुमारे १४० मिलिग्रॅम गंधकयुक्त आम्ले पुरतात. त्यातून पचून मिळतात जवळजवळ ३००. म्हणजे १६० मिलिग्रॅम शिल्लक राहतात आणि डाळीची तूट दुपटीने भरून निघते. दुधाची शिल्लक मात्र बेताची, पेल्यामागे साधारण ५०-६० मिलिग्रॅम. डाळीचा जोडीदार म्हणून अंडे दुधापेक्षा सरस ठरते ते इथे.

भाकरीच्या बाबतीत पारडे फिरते. ज्वारी, गहू, तांदूळ या धान्यांत कमी असते ते लायसीन, आणि ज्वारीत तर फारच कमी. एका मध्यम भाकरीच्या सुमारे ६ ग्रॅम प्रथिनांना जवळजवळ २९० मिलिग्रॅम लायसीन हवे, पचून मिळते जेमतेम शंभराच्या आसपास. पेलाभर दुधात स्वतःची गरज भागून २०० मिलिग्रॅमच्या वर लायसीन उरते, तेव्हा एका भाकरीची तूट त्यात भागते. अंड्याची शिल्लक याच्या साधारण निम्मी. दूध-भाकरी हे गरिबाचे साधे जेवण समजले जाते, पण प्रथिनांच्या हिशेबात ती जोडी चोख आहे. दूध फार आटवले मात्र लायसीनचा काही भाग दुधातल्याच साखरेशी बांधला जातो आणि निरुपयोगी होतो, त्यामुळे तपकिरी झालेल्या खव्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

वरण-भातही एकमेकांची उणीव काढतात, कारण डाळीत लायसीन भरपूर आणि भातात गंधकयुक्त आम्ले बरी. म्हणून डाळ धान्यासोबत खाल्ली जाते तिथे अंड्याचा फायदा वरच्या हिशेबापेक्षा कमी असतो. तो सर्वाधिक दिसतो तो निव्वळ डाळी-कडधान्यांवर भर असलेल्या ताटात: मुगाचे घावन, उसळ, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. बेसनाच्या पिठल्यात दोन अंडी फोडून घालण्याची रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे.

अंडे शिजवलेले हवे, हे अनेक व्यायामशाळांत अजून पटलेले नाही. एका प्रयोगात शिजवलेल्या अंड्याचे ९१ टक्के प्रथिन पचले, तर कच्च्याचे अवघे ५१ टक्के. कच्च्या पांढऱ्या भागात पचनाच्या पाचकरसाला अडवणारे पदार्थ असतात आणि उष्णतेने त्यांचा जोर जातो. नुसता पांढरा भाग खाऊन बलक टाकून देण्यातही तोटा आहे, कारण अंड्यातील सुमारे ४० टक्के प्रथिने बलकात असतात.

एकाच घासात सगळे एकत्र यायला हवे असे मात्र नाही. सकाळचे अंडे आणि रात्रीचे वरण एकमेकांना पुरवून घेतात, दिवसभरात गोळाबेरीज जुळली की झाले. आठवड्याचा हिशेब मात्र तसा जुळत नाही. अमिनो आम्लांचा साठा शरीर चरबीसारखा करून ठेवत नाही, त्यामुळे रविवारी खाल्लेली चार अंडी बुधवारच्या वरणातली तूट भरत नाहीत. शिवाय ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. एका अंड्याने त्यातला आठवा हिस्साच भागतो, उरलेले डाळ, धान्य आणि दुधातूनच यायचे.