जेद्दात ‘मदा’, महाडमध्ये ‘व्हिसा’: एकाच डेबिट कार्डावर मशीन नेटवर्क कसं निवडतं?

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत आज सौदी बँकेचं डेबिट कार्ड आहे. मुलगा, भाऊ किंवा शौहर रियाध-जेद्दाला नोकरीला, पगार तिथल्या खात्यात. या कार्डावर बहुतेक वेळा दोन चिन्हं असतात: एक ‘मदा’चं आणि दुसरं व्हिसाचं किंवा मास्टरकार्डचं. कार्ड एक, चिप एक, खातंही एकच. तरीही जेद्दाच्या दुकानात बिलावर मदा छापून येतं आणि गावी आल्यावर महाडच्या दुकानात VISA DEBIT. महिन्याअखेरीस स्टेटमेंट पाहिलं की गावच्या खरेदीत काही रियाल जास्त गेलेले दिसतात. मग घरात चर्चा सुरू होते की दुकानदाराने काहीतरी वेगळं बटण दाबलं का. दुकानदाराने काही केलेलं नसतं. निवड मशीन आणि चिप यांच्यात, पिन विचारायच्या आधीच होऊन जाते.

मदा हे सौदी अरेबियाचं स्वतःचं कार्ड नेटवर्क. आपल्याकडे रुपे आहे, तसंच. आधी त्याचं नाव स्पॅन होतं, 2015 साली मदा झालं. देशातल्या देशात व्यवहार स्वस्तात व्हावा म्हणून ते आहे, पण देशाबाहेर त्याची ओळख मर्यादित. म्हणून बँका त्याच कार्डात व्हिसा किंवा मास्टरकार्डची सोय जोडून देतात.

आता चिपच्या आत काय असतं ते पाहू. चिप म्हणजे एक चिमुकला कॉम्प्युटरच. तिच्यात प्रत्येक नेटवर्कचं वेगळं अॅप्लिकेशन असतं आणि प्रत्येकाला एक ओळख क्रमांक असतो. बिलावर तो AID या नावाने छापलेला दिसतो. व्हिसाचा नेहमीचा क्रमांक असा:

```
A0000000031010
```

यातली पहिली दहा अक्षरं, म्हणजे A000000003, नेटवर्कचं घराणं सांगतात. उरलेली त्या घराण्यातला कार्डाचा प्रकार सांगतात. मास्टरकार्डचं घराणं A000000004, आपल्या रुपेचं A000000524 आणि मदाचं A000000228. हा आकडा गुपित नाही. तो कोणी वाचला म्हणून खात्याला धोका होत नाही, कारण तो कार्डाचा नंबर नव्हे. एकाच नेटवर्कच्या लाखो कार्डांवर तोच असतो.

कार्ड मशीनमध्ये घातलं की मशीन सगळ्यात आधी विचारतं, “तुझ्याकडे कोणकोणती अॅप्लिकेशनं आहेत?” चिपवर यादी ठेवलेली असेल तर ती मिळते. नसेल तर मशीन स्वतःच्या यादीतला एकेक क्रमांक घेऊन विचारत जातं, “हा आहे? हा आहे?” कार्ड नुसतं टेकवलं तरी प्रश्न तोच, फक्त यादी वेगळ्या नावाने मागितली जाते. मशीनची स्वतःची यादी दुकानदाराच्या बँकेने भरून दिलेली असते. दोन्ही याद्यांत जे क्रमांक जुळतात तेवढेच पुढच्या फेरीत जातात. सगळा खेळ या जुळणीचा आहे.

जेद्दाचं मशीन घ्या. तिथे मदाही भरलेला असतो आणि व्हिसाही, कारण उमऱ्याला आणि हजला जगभरातून लोक परदेशी कार्डं घेऊन येतात. सौदी कार्ड आत गेलं की दोन क्रमांक जुळतात. आता एक निवडायचा. त्यासाठी चिपवर प्रत्येक अॅप्लिकेशनला बँकेने पसंतीचा क्रम लिहून दिलेला असतो. 1 म्हणजे सर्वांत आधी. सौदी बँका मदाला वरचा क्रम देतात, म्हणून मशीन मदा उचलतं आणि व्यवहार देशातल्या देशात पूर्ण होतो. त्याच मशीनवर रत्नागिरीहून आलेल्या हाजीसाहेबांनी भारतीय बँकेचं व्हिसा कार्ड घातलं तर त्यांच्या चिपवर मदा नाहीच. जुळणारा क्रमांक एकच, व्हिसा. निवडीचा प्रश्नच येत नाही.

आता महाड. मुलगा सुट्टीवर आलाय, अम्मीसाठी 18 हजारांचं वॉशिंग मशीन घ्यायचंय. कार्ड आत जातं. चिप सांगते, “मदा पहिला, व्हिसा दुसरा.” पण इथल्या मशीनच्या यादीत व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे आहेत आणि मदा नाही. जुळला फक्त व्हिसा. बँकेने मदाला पहिला क्रम दिला होता, त्याचा इथे उपयोग शून्य, कारण क्रम पाहिला जातो तो जुळलेल्यांमध्येच. व्यवहार व्हिसाच्या आंतरराष्ट्रीय वाटेने जातो: रुपयांचे रियाल होतात, वर सौदी बँकेचं जे काही परदेशी व्यवहाराचं शुल्क असेल ते लागतं. दुकानदारालाही परदेशी कार्डावर सहसा जास्त कमिशन कापून जातं, म्हणून कधी कधी तो कार्ड घ्यायला कुरकुर करतो. मोठी खरेदी असेल तर आधी गावच्या खात्यात पैसे पाठवून इथलं कार्ड वापरणं स्वस्त पडतं का, हा हिशेब करून बघण्यासारखा आहे.

कार्ड चाललंच नाही तर? तेव्हा नकार कधी आला, यावर लक्ष ठेवा. कार्ड घातल्याबरोबर, रकमेची किंवा पिनची गोष्टच न निघता मशीनने हे कार्ड चालत नाही म्हटलं, तर बहुधा एकही क्रमांक जुळला नाही. कार्डावर फक्त मदा असेल तर भारतात असंच होतं. तिथे पुन्हापुन्हा कार्ड घालून काही होणार नाही आणि खात्यात पैसे किती आहेत याचा संबंधच नाही. पण मशीन पुढे गेलं, बँकेशी संपर्क होऊन मग नकार आला, तर निवड बरोबर झाली होती. अडथळा बँकेकडे आहे: परदेशी वापर बंद ठेवलाय, मर्यादा संपली किंवा दुकानदाराच्या बँकेने परदेशी कार्डं सुरू केलेली नाहीत. आणि बँकेने नकार दिल्यावर मशीन आपणहून दुसरं नेटवर्क वापरून बघत नाही. निवडलेलं अॅप्लिकेशन चिपवर सुरूच होत नसेल, तेवढ्यापुरतंच ते यादीत मागे येऊन पुढचा क्रमांक घेतं.

चिपने लिहिलेला क्रम सगळीकडे अंतिम असतो असं मात्र नाही. अमेरिकेत 2010 च्या कायद्यामुळे डेबिट कार्डावर एकमेकांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्क लागतात आणि कुठल्या वाटेने पैसे न्यायचे ते दुकानदार ठरवू शकतो. तिथल्या व्हिसा डेबिट चिपवर नेहमीच्या क्रमांकासोबत A0000000980840 हा दुसराही असतो. त्यातून इतर देशी नेटवर्कची वाट उघडते, पैसे मात्र त्याच खात्यातून जातात. सुरुवातीला काही मशीन गिऱ्हाइकालाच विचारायची, “व्हिसा डेबिट की यूएस डेबिट?” बिचारं गिऱ्हाईक काय सांगणार! दुकानदारांनी तक्रारी केल्या आणि 2016 मध्ये व्हिसाला नियम स्पष्ट करावा लागला, की असं विचारणं बंधनकारक नाही. शिकागो किंवा न्यूजर्सीला राहणाऱ्या आपल्या लोकांना बिलावर US DEBIT दिसतं ते यामुळे.

म्हणून चिपच्या व्यवहाराचं बिल फेकण्याआधी AID ची ओळ एकदा पाहा. A000000228 असेल तर सौदीतल्या सौदीत झालेला मदाचा व्यवहार, A000000003 असेल तर व्हिसा. मदा दिसत असूनही परदेशी व्यवहाराचं शुल्क कापलं गेलं असेल, तर ते बिल घेऊन बँकेला विचारता येतं.