बाळाची सीट पुढे की मागे?

माझी भाची आठ महिन्यांच्या लेकाला घेऊन एकटीच पुण्याहून साताऱ्याला निघाली होती. बाळ नजरेसमोर राहावं म्हणून तिने त्याची सीट ड्रायव्हरशेजारी लावली होती. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला होतं, आणि या वयात ते तसंच हवं. पण समोरची एअरबॅग चालू होती, हे पाहून माझ्या पोटात गोळा आला.

धडक होताच एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. मोठा माणूस डॅशबोर्डपासून लांब बसतो. उलट तोंडाच्या सीटची पाठ मात्र डॅशबोर्डच्या अगदी जवळ येते. सगळा तडाखा त्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो.

काही गाड्यांत ही एअरबॅग बंद करायचं बटण असतं. ते बहुधा डॅशबोर्डच्या डाव्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल असं असतं, नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये. गाडी बंद असताना किल्लीचं पातं त्यात घालून OFF कडे वळवायचं, मग इग्निशन चालू करून PASSENGER AIR BAG OFF हा दिवा पेटून राहतो का ते पाहायचं. दिवा नसेल, तर बाळ पुढे नको. परत मोठं माणूस तिथे बसलं, की एअरबॅग आठवणीने चालू करायची. ज्या गाडीत बटणच नाही, तिथे बाळाची जागा मागेच. खरं तर बटण असलं तरी मी मागचीच सीट निवडेन.

आम्ही सीट मागे हलवली. मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घातला, की दोन लोखंडी कड्या लागतात. हे आयसोफिक्स. सीटचे दोन्ही हुक त्यांत टक् आवाज होईपर्यंत ढकलायचे आणि दोन्हीकडची खूण हिरवी झाली का पाहायचं. आमची एकच हिरवी झाली होती. गादीचं कापड मध्ये अडकलं होतं. सीटला आधाराचा पाय असेल, तर तो गाडीच्या तळाला घट्ट टेकवायचा. पुढे मूल मोठं होऊन सीट समोर तोंड करून लावली, की बहुतेक सीटना तिसरा पट्टा लागतो. तो पाठीमागच्या टॉप टेदर कडीला अडकवतात. डिकीत सामान बांधायची कडी दिसायला तशीच असते, पण धक्का सोसायला ती बनवलेली नसते. गाडीच्या पुस्तिकेत योग्य कडी दाखवलेली असते.

हात पोहोचणाऱ्या मुलासाठी चाइल्ड लॉक लागतं. मागच्या दाराच्या कडेला, कुलपाजवळ त्याचा छोटा खटका असतो. दोन्ही दारांचा वेगळा. तो लावला, की आतलं हँडल चालत नाही, बाहेरचं चालतं. काच उतरवून दार लावा, हात आत घालून हँडल ओढून खात्री करा. काचांचं बटण मात्र वेगळं, ड्रायव्हरच्या दारावर असतं. आणि मागे आजोबा बसले असतील, तर निघण्याआधीच सांगा, की दार आतून उघडणार नाही, बाहेरून आम्ही उघडू.