वास्तुशांतीचे बोलावणे : पत्रिकेच्या जोडीला एक पत्र



सुगी उरकली, ज्वारी घरात आली, की वस्त्यावस्त्यांवर नव्या घरांच्या वास्तुशांती निघतात. हल्ली पत्रिकेचा फोटो मोबाईलवरून साऱ्या पाहुण्यांना एका दमात जातो. पाहुण्याकडून जोडलेल्या हातांचे चित्र परत येते आणि बोलावणे झाले असे दोन्हीकडे वाटते. पण त्या दिवशी पंगतीवर नजर टाकावी, तर ज्यांनी यायलाच हवे होते ती जुनी माणसे दिसत नाहीत. पत्रिका नातवाच्या मोबाईलवर आली, आजीला कुणी वाचून दाखवली नाही. दाखवली असली, तरी उतरायचे कुठे, न्यायला कोण येणार, रात्री निजायचे कुठे, हे तिच्यात नव्हते.

पत्रिका सर्वांना खुशाल धाडा. पण आत्या, मावशी, मामा, चुलते अशी जी आठ-दहा घरे आहेत, त्यांना हाताने लिहिलेले एकेक वेगळे पत्र द्या. ते कसे लिहावे, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तुमचे घर बार्शी तालुक्यात गावापासून दूर, शेतातल्या वस्तीवर आहे. आत्या लातूरला लेकाकडे असते. वय 78, गुडघे दुखतात आणि यजमान वारून काही वर्षे झाली आहेत.

मायना

आईवडिलांना तीर्थरूप आणि इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहिण्याची आपली रीत आहे. विधवा बाईच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिण्याचीही जुनी चाल आहे. ती सोडावी. शुभकार्याच्या पत्रात पहिल्याच शब्दाला तिला तिचे दुःख कशाला दाखवायचे? ‘तीर्थस्वरूप आत्याबाईंस’ एवढे पुरे.

कामाचा मान

‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ हे वाक्य सगळ्यांनाच गेलेले असते, म्हणून ते कुणाचेच नसते. त्याऐवजी त्या माणसाला कार्यातले एक काम सांगा. नव्या चुलीवर दूध उतू घालणे, कोठीघर सांभाळणे, आलेल्या बायकांचे पाहणे, असे काहीही चालेल. विधवा आत्या बहुधा मागच्या खोलीत बसून राहते, कारण पुढे यावे की नाही हे तिला कळत नाही. काम पत्रातच लिहून ठेवले, की हा प्रश्न येण्याआधीच मिटतो. मात्र घरच्या साऱ्यांशी बोलून मगच लिहा. ऐनवेळी कुणी नाक मुरडले, तर न बोलावण्यापेक्षा जास्त लागते.

वाट आणि मुक्काम

वस्तीचा पत्ता म्हणजे गावाचे नाव नव्हे. गावाचे नाव टाकले तर मोबाईलचा नकाशा पाहुण्याला गावात नेऊन सोडतो आणि वस्ती राहते तीन किलोमीटरवर. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना, वस्तीच्या दारात उभे राहून घेतलेली जागेची खूणच पाठवा. एस. टी.ने येणाऱ्यांना उतरायचा थांबा आणि न्यायला येणाऱ्याचे नाव लिहा. रस्त्याच्या खुणा सांगताना विहीर, पूल, डीपी अशा न हलणाऱ्या सांगा. ‘उसाच्या फडाला वळा’ म्हणावे, तर तोवर ऊस तुटून गेलेला असतो.

आता हे पत्र पाहा.

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप आत्याबाईंस,

बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

वस्तीवरचं घर पुरं झालं. वास्तुशांत रविवार, ता. 10 मे रोजी धरली आहे. पूजा सकाळी 8 ला बसेल, पंगत 12 ला. पाया खोदला तेव्हा तुम्ही विचारलं होतं, चूल कुठं येणार म्हणून. ती पूर्वेच्या भिंतीला घेतली आहे. तिच्यावर पहिलं दूध उतू घालायचं ते तुमच्या हातानं, असं आम्ही घरात सगळ्यांनी ठरवलं आहे. म्हणून तुम्ही आदल्या दिवशीच या.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत लातूरहून बार्शीची एस. टी. धरा. आधार कार्ड जवळ असू द्या. बार्शी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी बसा. धाकटा गाडी घेऊन तिथंच येईल. गाडीत बसल्यावर दादाला मला फोन करायला सांगा.

तुमची निजायची सोय पुढच्या खोलीत कॉटवर केली आहे. संडास घराला लागून आहे आणि बसायला खुर्चीसारखा आहे, गुडघ्याची काळजी नको. पंगतीलाही तुम्हाला खुर्ची ठेवू.

आहेर आणू नका. कुणाकडूनच घेणार नाही, हिच्या माहेरचाही नाही.

दादा, वहिनी आणि दोन्ही मुलांना चूलबंद बोलावणं आहे. किती जण येणार ते ता. 3 पर्यंत कळवा. सोमवारी परत पोचवू, पण चार दिवस राहिलात तर आम्हाला बरं वाटेल.

आपला,
बाळू

पत्र एवढेच आहे. आधार कार्डाचे का लिहिले? ऑगस्ट 2022 पासून राज्यात 75 वर्षांवरील माणसांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. तो घरी राहिला तर कंडक्टर तिकीट फाडतो आणि म्हातारे माणूस वाटेतच हिरमुसते.

‘सहकुटुंब, सहपरिवार’ न लिहिता नावे घेऊन चूलबंद म्हटले आहे, हेही ध्यानात घ्या. नुसत्या सहकुटुंबाने शहरातले पाहुणे दोघेच येतात, गावाकडचे घरटी एकच येते आणि आचाऱ्याला सांगितलेला आकडा चुकतो. आहेराचेही तसेच. ‘आणू नका’ एवढेच लिहिले, तर आत्या पिशवीत साडी घालूनच निघते. कुणाकडूनच घेणार नाही हे वाचले, की तिचा जीव मोकळा होतो.

जिथे बोलणे तुटले आहे

बांधावरून चुलतभावाशी अबोला असलेली घरे प्रत्येक शिवारात आहेत. अशा घरी मोबाईलवर पत्रिका धाडू नका आणि पोराच्या हातीही देऊ नका. नवरा-बायकोने अक्षता घेऊन स्वतः जावे. पत्रात ‘झाले गेले विसरून जा’ असे लिहू नये, कारण त्याच वाक्याने सगळे पुन्हा आठवते. बांधाचा, मोजणीचा विषय त्याने काढला तरी ‘ते कार्यानंतर बसून बोलू’ एवढेच म्हणावे. तारीख, वेळ, चूलबंद बोलावणे आणि एक काम, उदाहरणार्थ ‘पंगत वाढायला तू उभा राहा’, एवढे सांगून उठावे. तो येईलच असे नाही. पण बोलावणे राहिले म्हणून तेढ वाढली, असे तरी होणार नाही.

केव्हा धाडावे

पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि ग्रामदैवतापुढे ठेवली, की परगावची पत्रे लागलीच, तीन आठवडे आधी टाकावीत. लिहून झाल्यावर वार आणि तारीख दिनदर्शिकेशी ताडून पाहा. ‘शनिवार, ता. 10’ असे पडले, की निम्मे पाहुणे एका दिवशी आणि निम्मे दुसऱ्या दिवशी येतात. आठ दिवसांनी फोन करून पत्र पोचले का ते विचारा, आणि फोन त्या माणसाच्याच हातात द्यायला सांगा. शेवटचा फोन निघायच्या आदल्या संध्याकाळी करावा. ‘स्टँडवर कोण येणार’ हे आत्याने तुम्हाला न अडखळता सांगितले, की बोलावणे पोचले असे समजा.